पहिल्याच प्रश्नाला डोकं कोरं झालं, तरी ती सावरली

प्रश्न: परवा मुलाखत आहे. मागच्या वेळी पहिल्याच प्रश्नाला डोकं कोरं झालं आणि पुढचं सगळंच बिघडलं. यातून कुणाला सावरताना पाहिलंय का? तिथे बसल्या बसल्या नेमकं काय करायचं?

हो, पाहिलंय, आणि टेबलाच्या पलीकडून पाहिलंय. रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंगच्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचं काम बघते. हंगामाआधी आम्ही प्रयोगशाळेसाठी मुलं घेतो, तेव्हा मुलाखतीला मीही असते.

ही मुलगी राजापूरकडची, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. स्वतःची ओळख तिने पाठ करून आणली असावी, कारण खुर्चीत बसताच ओठ हलायला लागले होते. पण आमच्या उत्पादन प्रमुखांनी ओळख विचारलीच नाही. थेट म्हणाले, "आंब्याच्या पल्पचा डबा उकळत्या पाण्यात भागतो. मग बांगड्याच्या डब्याला रिटॉर्ट कशाला लागतो?" रिटॉर्ट म्हणजे बंद डबे दाबाखाली तापवायचं मोठं भांडं.

तिचा चेहरा उतरला. हात मांडीवर घट्ट. काहीच बोलेना. उत्तर येत नसलेला उमेदवार बहुतेक वेळा लगेच काहीतरी ठोकून देतो. ही तसं करत नव्हती. म्हणजे माहीत असावं, फक्त सापडत नव्हतं. पाठ केलेल्या बोलण्याचं असंच होतं. पहिलं वाक्य पुढच्या वाक्याला हात देतं, आणि पहिलंच निसटलं की मागची सगळी रांग अडते. त्यात ताण आला की डोक्यात एका वेळी धरून ठेवायची जागाही कमी होते.

मग ती म्हणाली, "सर, प्रश्न कळला, पण आत्ता काही आठवत नाहीये. थोडा वेळ द्याल? आणि कागदावर लिहिलं तर चालेल का?"

मी कागद पुढे सरकवला. तिने एक लांब श्वास सोडला आणि दोनच शब्द लिहिले: आंबा, बांगडा. मग अख्खं उत्तर शोधण्याऐवजी त्या दोन शब्दांखाली फक्त खात्रीचं तेवढं लिहायला घेतलं. आंब्याखाली "आंबट, पीएच ४ च्या आसपास". बांगड्याखाली "पीएच ६ च्या वर". मधे एक रेघ मारून ४.६ लिहिलं. ती रेघ मारताना तिचा आवाज परत आला.

"क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत," ती म्हणाली. "पण पीएच ४.६ च्या खाली असेल तर ते रुजत नाहीत, म्हणून पल्पला शंभर अंश पुरतात. बांगड्याच्या बंद डब्यात आंबटपणा नाही, हवाही नाही. तिथे ते वाढतील आणि विष तयार करतील. म्हणून १२१ अंश लागतात, आणि पाणी तेवढं तापवायला दाब लागतो. तीन मिनिटं."

मी विचारलं, "तीन मिनिटं कुठे?"

पुन्हा थांबली. पण या वेळी घाबरली नाही, कागदावर डबा काढला आणि मधोमध ठिपका दिला. "इथे, मॅडम. जिथे उष्णता सगळ्यांत शेवटी पोचते. म्हणजे रिटॉर्टमध्ये डबा त्याहून बराच जास्त वेळ राहणार."

नेमकं इथेच पुष्कळ जण चुकतात. रिटॉर्ट १२१ वर गेल्यापासून तीन मिनिटं मोजतात, आणि तोवर डब्याचा मधला भाग गरमही झालेला नसतो. तिला आम्ही घेतलं.

सुरुवातीच्या त्या शांततेचं पॅनेलला काहीच वाटलं नाही, कारण तिने ती एका वाक्यात सांगून टाकली. न सांगता गप्प राहिलेला माणूस आम्हाला वाचता येत नाही. पुन्हापुन्हा "सॉरी" म्हणणाऱ्याचं सगळं लक्ष चुकीकडेच राहतं, आणि पाठ केलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा त्याच जागी परत अडतो.

अर्थात ४.६ चा आकडा तिला माहीत होता. तो नसता तर कागद कोराच राहिला असता. मुळात अभ्यासच नसेल तर हा उपाय चालत नाही.

तुमच्याकडे दोन दिवस आहेत. तुमच्या कामातले आठ-दहा मुख्य विषय घ्या. प्रत्येकाखाली झोपेतून उठवलं तरी सांगता येतील अशा दोन-तीन गोष्टी लिहा: एखादा आकडा, एखादं कारण, एखादा फरक. पूर्ण उत्तरं पाठ करू नका. मग घरच्या कुणालातरी यादीतला कुठलाही विषय मधूनच विचारायला सांगा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीपासून बोलायला सुरुवात करा. "थोडा वेळ द्याल?" हे वाक्यही मोठ्याने म्हणून बघा, कारण पहिल्यांदा म्हणताना तेही जड जातं. आणि मुलाखतीला जाताना पेन व कोरा कागद सोबत ठेवा, सगळीकडे मिळेलच असं नाही.