फीडबॅक म्हणजे नेमकं काय, हे मी मुलांना दुधाच्या प्लांटवरून कसं सांगितलं

प्रश्न: डिप्लोमाला इन्स्ट्रुमेंटेशन आहे. प्रत्येक ऑटोमॅटिक यंत्रामागे फीडबॅक असतो असं सर सांगतात. खरंच प्रत्येक? ब्लॉक डायग्राम पाठ आहे, पण प्रत्यक्षात काय होतं ते कळत नाही.

उत्तर:

मी इन्स्ट्रुमेंटेशनमधूनच निवृत्त झालोय. गेल्या महिन्यात एका तंत्रनिकेतनात तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर याच विषयावर बोललो. ब्लॉक डायग्राम काढलाच नाही, दूध पाश्चराइझ करणारा प्लांट घेतला. तुमच्यासाठीही तोच घेतो.

दूध ७२ अंशांवर निदान १५ सेकंद राहायला हवं. म्हणून सेट पॉइंट थोडा वर, समजा ७३ ठेवला. पाइपमधला सेन्सर तापमान सांगतो, कंट्रोलर ते ७३ शी ताडून बघतो आणि वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त उघडतो. हाच फीडबॅक. आता मनातल्या मनात सेन्सरची वायर काढा आणि व्हॉल्व्ह ५० टक्क्यांवर बांधून ठेवा. आज तापमान बरोबर येईल. उद्या दूध जास्त थंड आलं, बॉयलरचा दाब उतरला, दूध तापवणाऱ्या प्लेटांवर थर बसला, की ते घसरणार. कारणं अनेक, आणि व्हॉल्व्हला त्यातलं एकही कळत नाही. फीडबॅकलाही कारण कळत नाही, पण त्याला ते कळायची गरजच नसते. तो फक्त परिणाम बघतो: दूध ७३ ला आहे की नाही? मला या विषयात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

‘प्रत्येक’ यंत्राबद्दल एका मुलीनेही विचारलं. टायमरवर चालणाऱ्या सिग्नलला फीडबॅक नसतो, रस्ता रिकामा असला तरी तो लाल राहतो. तो ठरलेलं काम ठरलेल्या वेळी करतो, इतकंच. पण परिस्थिती बदलली तरी एखादी गोष्ट जागेवर ठेवायची असेल, तर फीडबॅक लागतोच. यंत्रात नसेल तर तिथे उभा असलेला माणूस ते काम करतो.

आता आकडे घेऊ. सेन्सरची रेंज ० ते १०० अंश आणि कंट्रोलरचा गेन ५. म्हणजे तापमान १ अंशाने उतरलं की व्हॉल्व्ह ५ टक्के जास्त उघडतो. ७३ ला व्हॉल्व्ह ५० टक्के आहे. थंडीतल्या पहाटे दूध गार येतं आणि आता ६० टक्के वाफ लागते. ही जादा १० टक्के मिळण्यासाठी तापमान २ अंशांनी खाली राहावं लागेल, कारण चूक, म्हणजे ७३ आणि प्रत्यक्ष तापमान यांतला फरक, शून्य झाली की जादा वाफही शून्य होते. म्हणजे दूध ७१ च्या आसपास अडकून बसतं आणि डायव्हर्जन व्हॉल्व्ह ते परत बॅलन्स टँककडे पाठवतो. हाच ऑफसेट. कंट्रोलरमधला इंटिग्रल हा भाग त्यासाठीच असतो: चूक उरलेली आहे तोवर तो व्हॉल्व्ह हळूहळू सरकवत राहतो आणि चूक शून्य झाली की आहे तिथेच थांबतो.

मुलांनी सगळ्यात लक्ष देऊन ऐकला तो पुढचा किस्सा. एका प्लांटमध्ये तापमान अचानक झुलायला लागलं. रेकॉर्डरच्या कागदावर वर-खाली, वर-खाली अशी सारखी लाट. वाफेचा दाब बघून झाला, पंप बघून झाला. मी कंट्रोलर मॅन्युअलवर टाकला आणि व्हॉल्व्ह एका जागी ठेवला. लाट थांबली. याचा अर्थ झुलणं बाहेरून येत नव्हतं, सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांचा लूपच ते तयार करत होता.

मग मॅन्युअलमध्येच व्हॉल्व्ह ५ टक्के जास्त उघडला आणि घड्याळ लावलं. काटा हलायला पूर्वी ६ सेकंद लागायचे, आता २५ लागले. तेवढ्या वेळात कंट्रोलर जुन्या बातमीवर वाफ वाढवत राहायचा. बातमी पोचेपर्यंत दूध जास्त तापलेलं, मग वाफ तोडायची तीही उशिरा. शिवाय असा मंद सेन्सर लाटेची उंची कमी करून दाखवतो. कागदावर दिसत होतं त्यापेक्षा दुधातलं झुलणं मोठं होतं, ही खरी काळजीची बाब.

त्याआधी कोणीतरी गेन ५ वरून २ वर आणून पाहिला होता. लाट लहान झाली, पण दूध थंड आलं की तापमान सावरायला फार वेळ लागायचा, म्हणून त्याने तो पुन्हा ५ वर नेला होता. सेन्सर पाइपात बसवलेल्या एका बंद नळीत, म्हणजे थर्मोवेलमध्ये असतो. तो बाहेर काढला तर त्याचं टोक थर्मोवेलच्या तळाला टेकतच नव्हतं. मधे हवेची पोकळी होती आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते. मागच्या देखभालीनंतर टोक तळाशी दाबून धरणारी स्प्रिंग परत बसवायची राहून गेली होती. स्प्रिंग बसवली, पुन्हा ५ टक्क्यांची चाचणी घेतली, ६ सेकंदांत काटा हलला. मग कंट्रोलर त्याच ५ च्या गेनवर ऑटोला टाकला आणि रेकॉर्डरची रेघ सरळ झाली.

तुमच्या लॅबमध्ये टेम्परेचर लूपचा ट्रेनर असेल तर आधी सेन्सर जागेवर असताना आणि मग तो थर्मोवेलमधून दोन सेंटिमीटर वर ओढून हीच चाचणी करा. दोन्ही वेळा घड्याळ लावून सेकंद लिहून घ्या.