नोंदणी फी मागणारा ‘एचआर’ : ग्रुपवर इशारा कसा द्यावा?

आमच्या नोकऱ्यांच्या ग्रुपवर मी ‘फ्रॉड चालू आहेत, सावध राहा’ असा मेसेज टाकला. पुष्कळ जणांनी अंगठा दाखवला आणि त्याच संध्याकाळी दोघांनी पैसे भरले. माझं काय चुकलं?

तुमचा मेसेज त्या दोघांनी वाचला असेल, पण तो आपल्याबद्दल आहे असं त्यांना वाटलं नसेल. फ्रॉड म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. त्याच्याशी बोलणारी बाई मात्र गोड बोलते, तिने मुलाखत घेतलेली असते, पत्रावर त्याचं नाव छापलेलं असतं. तो स्वतःला निवड झालेला उमेदवार समजत असतो.

म्हणून पैसे कोणत्या पायरीवर मागितले जातात ते लिहा. उदाहरणार्थ: ‘मेसेजवर मुलाखत होते, त्याच दिवशी ऑफर लेटर येतं आणि मग आज पाचच्या आत रजिस्ट्रेशन फी भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं सांगतात. इथवर आला असाल तर पैसे भरू नका, आधी अ‍ॅडमिनला विचारा.’ त्या क्षणी ग्रुप उघडणाऱ्याला यात स्वतःचीच गोष्ट दिसते. फक्त फोन नंबर टाकून भागत नाही. नंबर बदलतो, पायऱ्या बदलत नाहीत. आणि मेसेज पिन करून ठेवा. सकाळी टाकलेला इशारा संध्याकाळपर्यंत शंभर मेसेजांखाली गेलेला असतो, फी नेमकी तेव्हा मागितली जाते.

फी अगदी किरकोळ आहे आणि पहिल्या पगारात परत मिळणार आहे. एवढ्याशा रकमेसाठी कोण कशाला एवढा खटाटोप करेल?

रक्कम किरकोळ असते ती मुद्दाम. या माणसाकडून पैसे निघतात का, हे त्यातून कळतं. नोंदणी फी हा फक्त पहिला हप्ता.

माझ्याकडे आलेलं एका महिलेचं प्रकरण सांगते. घरून डेटा एंट्रीचं काम होतं. सोमवारी मेसेज आला. मंगळवारी वीस मिनिटांची ‘मुलाखत’ झाली, तीही नुसती टाइप करून. कॅमेरा नाही, आवाज नाही. संध्याकाळी ऑफर लेटर. बुधवारी नोंदणी फी, गुरुवारी कागदपत्रांच्या पडताळणीची फी, शुक्रवारी कंपनीच्या लॅपटॉपसाठी डिपॉझिट. प्रत्येक रक्कम आधीपेक्षा मोठी आणि प्रत्येक वेळी ‘परत मिळणारी’. शुक्रवारी थांबलं तर बुधवारचे आणि गुरुवारचेही बुडतात, या भीतीने तिने तिसऱ्यांदाही भरले. शनिवारी विम्याच्या नावाने चौथी मागणी आली, तेव्हा तिने लिहिलं, ‘हे माझ्या पगारातून कापून घ्या.’ उत्तर आलं, ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही.’ दोन तासांनी तो नंबर बंद.

हे वाक्य तिने बुधवारीच लिहायला हवं होतं. जी फी पगारात परतच मिळणार आहे, ती पगारातून कापायला खऱ्या कंपनीला अडचण कसली? मी भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली. उमेदवार शोधण्याचे पैसे एजन्सीला कंपनी देते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचं सातवं कलमही हेच म्हणतं: खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून थेट किंवा आडमार्गाने फी घेऊ नये. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, त्याला अपवादही ठेवता येतात. काही ठिकाणी परवानाधारक एजन्सीला ठरावीक फी घेण्याची मुभा असते. तसं कुणी सांगितलं तर परवाना क्रमांक मागा आणि तो परवाना देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडूनच पडताळून घ्या. एजन्सीने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नका.

जाहीर झालेल्या सरकारी परीक्षेचं शुल्क ही गोष्ट वेगळी. ते अर्जाबरोबर, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरतात, एखाद्या व्यक्तीच्या खात्यात नाही.

कंपनी खरी आहे. वेबसाइट आहे, त्या एचआरचं नाव आणि फोटोही नेटवर सापडतात. तरीही संशय घ्यायचा?

कंपनी खरी असते, माणूसही खरा असतो. फक्त तुमच्याशी बोलणारा तो नसतो. नाव, फोटो, लोगो सगळं उसनं घेता येतं. ईमेलचा पत्ता उसना घेणं त्याहून अवघड, म्हणून तिथे नीट बघा.

`@` च्या पुढचा भाग शेवटाकडून वाचा. समजा कंपनीचं संकेतस्थळ `example.com` आहे. मग `hr@jobs.example.com` हा पत्ता त्यांच्याच घरातला, पण `hr@example-jobs.com` हे वेगळंच घर. मध्ये छोटी आडवी रेघ घातलेलं असं नाव कुणीही विकत घेऊ शकतं. संकेतस्थळाचं नाव कधी नोंदवलं गेलं ते `lookup.icann.org` वर बहुतेक वेळा दिसतं. वीस वर्षं जुनी कंपनी आणि तीन आठवड्यांपूर्वीचं नाव, असा मेळ दिसला की बोलणं थांबवा. पाठवणाऱ्याचा पत्ताही बनावट दाखवता येतो, म्हणून पत्ता बरोबर दिसला तरी शेवटची खात्री फोनवर करा. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरचा घ्या, ऑफर लेटरवरचा नको. तिथे भामट्याचाच सहकारी फोन उचलतो.

मी ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. एकाने फी घेणाऱ्याचा फोटो, खाते क्रमांक आणि ‘या चोराला शोधा’ असं टाकलं आहे. ठेवू की काढू?

फोटो आणि खाते क्रमांक काढा, घडलेली हकिगत ठेवा. फोटो बहुधा भलत्याच माणसाचा असतो. खातंही अनेकदा भामट्याचं नसतं. ‘घरबसल्या पेमेंट पुढे पाठवण्याचं काम’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या बेरोजगाराला गुंतवलेलं असतं आणि पैसे त्याच्या खात्यातून पुढे सरकतात. ही माहिती बँकेला आणि पोलिसांना उपयोगी आहे, त्यांच्याकडेच जाऊ द्या.

आणखी एक. असा भामटा पुष्कळदा ग्रुपमध्येच असतो. ‘मीही भरले’ असं कुणी उघड लिहिलं की त्याला खासगीत मेसेज येतो: ‘पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग चार्ज भरा.’ पिन केलेल्या इशाऱ्यात याचीही एक ओळ टाका. नवीन सभासदाची पोस्ट अ‍ॅडमिनने बघितल्याशिवाय जाणार नाही अशी सोय तुमच्या अ‍ॅपमध्ये असेल तर ती चालू करा.

काल रात्री पैसे भरले. आता कळतंय. ग्रुपवर सांगायची लाज वाटते. काय करू?

ग्रुपचं नंतर बघू, आधी बँकेला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले तरच परत यायची आशा असते. मिळतीलच असं मी म्हणणार नाही. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. रागाच्या भरात त्याला ब्लॉक करू नका किंवा चॅट पुसू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, त्याचा नंबर आणि ईमेल दिसेल असे, आणि मग पोलिसांत तक्रार करा.

ओळखपत्राच्या प्रती पाठवल्या असतील तर तेही तक्रारीत लिहा. पुढे तुमच्या नावाने कुणी कर्ज किंवा सिमकार्ड घेतलं तर ती नोंद कामी येते. ‘अर्जाच्या पोर्टल’वर पासवर्ड दिला असेल आणि तोच ईमेलला असेल, तर तो आजच बदला.

आणि लाजेचं म्हणाल तर नाव देऊ नका. मागण्यांचा क्रम आणि वेळा अ‍ॅडमिनला कळवा, तो स्वतःच्या नावाने टाकेल.