गोष्टीचे एआय व्हिडिओसाठी तुकडे करताना: दर वाक्याला एक क्लिप लावू नका

प्रश्न: "माझी साधारण १२०० शब्दांची कथा आहे, तिचा एआय व्हिडिओ करतेय. ८ सेकंदांच्या वर क्लिप निघत नाही. एकेक वाक्य टाकत गेले तर दर क्लिपमध्ये आजोबांचा चेहरा आणि कपडे बदलतात. कथा तोडायची कशी?"

ताई, हाच त्रास मी भोगलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. संदर्भ फोटो कसा चढवायचा, क्रेडिट कसे कापले जातात वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. टूल सारखी बदलत असतात, त्यामुळे सेकंदांची मर्यादा स्वतः तपासा. मी वापरलं तेव्हा व्हिओत ४, ६ किंवा ८ सेकंद मिळायचे, क्लिंग आणि रनवेत ५ किंवा १०.

आमच्या डिजिटल दिवाळी अंकासाठी एका कथेचा व्हिडिओ करायचं काम आम्ही एका ऑफिसला दिलं होतं. नाव घेत नाही. त्यांनी काय केलं, तर कथा घेतली, शब्द मोजून ८-८ सेकंदांचे सारखे तुकडे पाडले आणि मूळ वाक्य जसंच्या तसं टूलमध्ये ओतलं. "ती उठली आणि खिडकीशी गेली." आता ही "ती" कोण? मॉडेलला मागची क्लिप आठवत नाही, त्याच्यासाठी दर क्लिप म्हणजे पहिलीच क्लिप असते. त्यामुळे एका क्लिपमध्ये साठीची बाई, पुढच्या क्लिपमध्ये चाळिशीची, साडी हिरवीची निळी. तक्रार केली तर "एआय आहे, थोडं इकडेतिकडे होणारच" आणि क्रेडिट संपले म्हणून पैसे परत नाहीत. अंक व्हिडिओशिवायच निघाला. नंतर त्यांचा तक्ता मागून घेतला, तर त्यात दोनच रकाने, वाक्य आणि सेकंद. पात्र कुठे उभं आहे, हातात काय आहे, उजेड कुठला, कशाचा पत्ता नाही. हे इकडेतिकडे होणं एआयचं नव्हतं, तक्त्याचं होतं, आणि हे पैसे घेऊन काम करणाऱ्याला कळू नये याचा मला अजून राग येतो. कुणाकडून करून घेणार असाल तर ॲडव्हान्स देण्याआधी तक्ता बघायला मागा.

तर माझं ठाम मत असं की कथा वाक्यावर तोडायचीच नाही, पडद्यावर काहीतरी बदलतं तिथे तोडायची. आमच्याच कथेतला परिच्छेद घ्या: "सावित्रीबाई एसटीतून उतरल्या. पिशवीतला डबा चाचपला. पाऊस नुकताच थांबला होता. लेक कुठे दिसेना. चहावाल्याने विचारलं, कुणाची वाट बघताय? लेकाची, त्या म्हणाल्या. गेली तीन वर्षं तो आला नव्हता."

सात वाक्यं आहेत, पण क्लिप पाचच होतात. पावसाची वेगळी क्लिप नको, ओली फरशी आणि ढगाळ उजेड सगळ्याच क्लिपच्या वर्णनात जाईल. पहिली क्लिप, त्या उतरतात. दुसरी, फक्त हात आणि पिशवी. तिसरी, त्या दोन्हीकडे बघतात. चौथीत प्रश्न आणि उत्तर, दोघं एकाच चौकटीत. आणि "तीन वर्षं तो आला नव्हता" हे वाक्य कॅमेऱ्याला दिसतच नाही. ऑफिसने ते तसंच टाकलं होतं, त्यातून एक तरुण रडताना आला! असं वाक्य एकतर निवेदनात द्या, नाहीतर त्याचं दिसणारं काहीतरी करा. मी नंतर ते असं लिहिलं की चौकशीच्या खिडकीतला माणूस सावित्रीबाईंना बघतो आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच नकारार्थी मान हलवतो. ती पाचवी क्लिप.

आता टिपण. दर क्लिपला मी असं लिहितो:

```
क्लिप ३ | बनवायची ६ से. | वापरायची ४ से.
पात्र: [सावित्रीबाईंचा ठरलेला मजकूर जसाच्या तसा]
सुरुवात: चौकटीच्या डाव्या बाजूला उभ्या, पिशवी उजव्या हातात
क्रिया: मान वळवून आधी डावीकडे, मग उजवीकडे बघतात
शेवट: तिथेच उभ्या, नजर उजवीकडे
उजेड: ढगाळ दुपार, फरशी ओली
```

यातली "शेवट" ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या क्लिपची "सुरुवात" तिच्याशी जुळली पाहिजे. पिशवी या हातातून त्या हातात गेलेली प्रेक्षकाला लगेच कळते. पात्राचा मजकूर एकदाच लिहा, वय, केस, अंगकाठी, साडीचा रंग आणि काठ, आणि दर वेळी एक शब्दही न बदलता चिकटवा. नाव टाकून उपयोग नाही, मॉडेल सावित्रीबाईंना ओळखत नाही. "चष्मा नाही" असंही लिहू नका, चष्म्याचा उल्लेख आला की बऱ्याचदा चष्माच येतो. नुसतं नऊवारी लिहिलं तर कासोटा येईलच असं नाही, तिथे शब्दांवर विसंबू नका, फोटोच द्या. तुमच्या आजोबांच्या धोतराचंही तेच.

वेळेचं म्हणाल तर ८ सेकंदांत ८ सेकंदांची क्रिया लिहू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा अर्धा सेकंद सहसा कापावा लागतो. उलट क्रिया फार छोटी असली तर उरलेला वेळ मॉडेल स्वतःच्या मनाने भरतं. डबा चाचपायला दोन सेकंद पुरतात, पण ८ सेकंद दिल्यावर तो डबा बाहेर आला, उघडला आणि त्याची वाटी झाली. म्हणून तिथे ४ सेकंदांचीच क्लिप घ्यायची. संवाद असेल तर मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचा. मराठीत निवांत बोलायला सेकंदाला साधारण दोन शब्द धरा, पुढेमागे एकेक सेकंद मोकळा सोडला तर ८ सेकंदांत १२ शब्द बसतात. जास्त दिले की पात्र भराभर बोलतं किंवा वाक्य अर्धवट तुटतं.

अजून एक, क्लिपची शेवटची फ्रेम घेऊन पुढची क्लिप बनवायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तोच शॉट पुढे चालू ठेवायचा असेल तर ठीक आहे. पण अशी साखळी लांबवली की तिसऱ्या-चौथ्या क्लिपपर्यंत रंग भडक होतात, कातडी गुळगुळीत होते आणि चेहरा हळूहळू दुसऱ्याचा होतो. लगेच कळत नाही, पहिली आणि चौथी शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल. कॅमेऱ्याचा कोन बदलला की मी परत मूळ फोटोपासूनच सुरुवात करतो. आणि दोन क्लिप जुळतच नसतील तर मध्ये हाताचा, चहाच्या ग्लासचा क्लोजअप टाकतो. त्यानंतर चेहऱ्यात जरासा फरक असला तरी खुपत नाही. हे क्लोजअप आधीच तक्त्यात धरा.

दिशा लिहिताना "तिच्या डावीकडे" न लिहिता "चौकटीच्या डावीकडे" लिहा. आजोबा उजवीकडून बाहेर गेले तर पुढच्या क्लिपमध्ये डावीकडून आत यायला हवेत, नाहीतर परत फिरल्यासारखे वाटतात. एसटीच्या पाटीवरची देवनागरी अक्षरं मॉडेलकडून करून घ्यायच्या नादी लागू नका, जोडाक्षरांची माती होते. पाटी धूसर ठेवा आणि अक्षरं एडिटिंगमध्ये टाका.

तुमच्या १२०० शब्दांत संवाद किती आणि आठवणी किती, त्यावर क्लिपांची संख्या ठरेल. आठवणींचे परिच्छेद आधी वेगळे काढा, सगळ्यात जास्त क्रेडिट तिथेच जातात. पहिला परिच्छेद इथे टाकलात तर तोडून दाखवतो.