लेकीचा फोन वाचला, आता तिला सांगू कसं?

*ताई, मुलगी पंधरा वर्षांची आहे, दहावीत. महिन्याभरापूर्वी ती आंघोळीला गेली असताना तिचं व्हॉट्सअ‍ॅप मी माझ्या लॅपटॉपला जोडलं. पिन माहीत आहे, म्हणून ती झोपली की इन्स्टाग्रामही बघते. वर्गातला एक मुलगा तिला आवडतो, आणि ‘आई फार डोकं खाते’ असं ती मैत्रिणीला लिहिते. ते वाचून वाईट वाटलं, पण गप्प बसले. आता एक अनोळखी मुलगा दिसतोय. एकोणीस वर्षांचा, पुण्याचा म्हणतो. ती स्वतः काढलेली चित्रं पोस्ट करते, त्यांचं तो भरभरून कौतुक करतो. परवा त्याने लिहिलं, ‘टेलिग्रामवर ये, इथलं डिलीट कर, घरी सांगू नकोस,’ आणि फोटो मागितला. तिने अजून पाठवलेला नाही. बोलले तर चोरून वाचल्याचं कळेल. ह्यांना सांगितलं तर फोन फोडतील. रोज संध्याकाळी तिला भंवरकुआंच्या क्लासहून गाडीवर आणते, तोंडापर्यंत शब्द येतात आणि गिळते. – एक आई, इंदूर*

उद्या संध्याकाळी गिळू नका. उद्याच बोला.

तुम्ही वाचलेल्या तीन गोष्टींपैकी दोन तुमच्या नव्हत्याच. वर्गातला मुलगा आणि आईबद्दलची कुरकुर ही तिची खाजगी बाब आहे, त्यांचा उल्लेखही करू नका, अगदी लाडानेसुद्धा. तिसरी गोष्ट मात्र तिची एकटीची नाही. त्या माणसाचं वय एकोणीस आहे की एकोणचाळीस, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि तिलाही नाही. पण त्याने काय मागितलं आणि कोणत्या क्रमाने, ते बघा. आधी कौतुक, मग दुसऱ्या अ‍ॅपवर चल, मग जुनं पूस, मग घरी बोलू नकोस, आणि शेवटी फोटो. पोरापोरींच्या गप्पांत यातलं एखादं सापडेल, हा अख्खा क्रम सहसा सापडत नाही. टेलिग्रामचा हट्टही उगाच नाही. तिथे एक माणूस सगळं संभाषण दोघांच्याही फोनवरून पुसून टाकू शकतो. उद्या त्याने धमकी दिली, तर दाखवायला तिच्याकडे काहीच उरणार नाही.

म्हणून तुमच्या हातून पहिल्या झटक्यात काही होऊ देऊ नका. त्याला ब्लॉक करू नका, तिच्या नावाने उत्तर देऊ नका, काही पुसू नका. आधी तिच्याशी बोलायचं, मग तिला शेजारी बसवून त्या गप्पांचे फोटो दुसऱ्या फोनने काढायचे. स्क्रीनशॉट नको, कारण आपोआप पुसले जाणारे मेसेज असतील तर काही अ‍ॅप समोरच्याला लगेच कळवतात. प्रोफाइलवरचं ठळक नाव रोज बदलता येतं, त्यामुळे त्याचं युजरनेम फोटोत स्पष्ट दिसलं पाहिजे. हे झालं की मग रिपोर्ट आणि ब्लॉक.

आता बोलायचं कसं. घरी समोरासमोर बसवलंत तर ते कोर्ट होईल. क्लासहून येताना रेसिडेन्सीच्या झाडांच्या रस्त्याला, वर्दळ आणि दिवे असतील अशा ठिकाणी गाडी थांबवा. ती मागे, तुम्ही पुढे. डोळ्यांत बघावं लागत नाही, तेव्हा या वयाची मुलं जास्त बोलतात. सुरुवात त्या माणसापासून नको, स्वतःपासून करा: ‘महिनाभर मी तुझा फोन तुला न विचारता वाचतेय. ते चुकलं. त्यात एक माणूस तुझा फोटो मागताना दिसला, त्याची मला भीती वाटते. तुझा फोन मी घेणार नाहीये.’ शेवटचं वाक्य विसरू नका. सांगितलं की फोन जातो, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, आणि ‘घरी सांगू नकोस’ म्हणणारा त्याच भीतीवर जगतो. ती चिडेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. ‘पण तू तरी काय करत होतीस’ हे वाक्य त्या दोन दिवसांत तुमच्या तोंडून येता कामा नये.

मी चौदा वर्षांची असताना आई माझी अंतर्देशीय पत्रं वाफेवर उघडायची आणि खळ लावून परत चिकटवायची. कडेला खळीचा पांढरा पापुद्रा राहायचा, त्यावरून मला कळलं. मी भांडले नाही. मैत्रिणीला सांगितलं की पत्र शेजारच्या काकूंच्या पत्त्यावर टाक. आईला वाटत राहिलं की पत्रं कमी झाली, पोर सुधारली. तुमच्या लेकीला तर पत्ता बदलायला दोन मिनिटं लागतील. व्हॉट्सअ‍ॅपच्या Linked devices मध्ये तुमचा लॅपटॉप आज ना उद्या तिला दिसणारच आहे.

स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा अभ्यास करून 2000 साली एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांबद्दल आईवडिलांना जे कळतं, ते पाळत ठेवून फारसं कळत नाही, मुलं आपणहून सांगतात त्यातून कळतं, असं त्यांना आढळलं. मला तो निबंध फार मोलाचा वाटतो. तुमच्या हाती लागलेली गोष्ट एका रात्रीची आहे. पुढचा माणूस येईल तेव्हा तुम्ही तिच्या फोनमध्ये नसाल, आणि तिला वाटलं तरच तुम्हाला कळेल.

तिने फोटो आधीच पाठवलाय असं बोलण्यात निघालं, तर तो स्वतःच्या फोनवर घेऊ नका आणि पुरावा म्हणून कोणालाही पाठवू नका, ह्यांनासुद्धा नाही. अल्पवयीन मुलीचा तसा फोटो बाळगणं वा पुढे पाठवणं पॉक्सो कायद्याखाली तुमच्याच अंगाशी येऊ शकतं. takeitdown.ncmec.org या जागी तिला तिच्याच फोनवरून त्या फोटोचा अंकी ठसा तयार करता येतो. फोटो कुठेच पाठवावा लागत नाही, आणि यात सामील असलेली इन्स्टाग्रामसारखी अ‍ॅप त्या ठशावरून तो शोधून काढून टाकू शकतात. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही बोलता येतं. पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते.

फोटो पाठवला नसला तरी तक्रार करा. तो माणूस आणखी कोणाच्या मुलीशी बोलत असेल.

पुढे किती बघायचं? दहा वर्षांच्या मुलीचा फोन आईने उघड उघड बघावा, त्यात मला काही गैर वाटत नाही. पंधराव्या वर्षी मेसेज वाचू नयेत, पण दार सताड उघडं टाकूनही चालणार नाही. इन्स्टाग्रामवर पालकांची देखरेख तिच्या संमतीने जोडता येते. वेळ किती गेला, ती कोणाला फॉलो करते, हे त्यात दिसतं, मेसेज दिसत नाहीत. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लागतील, तुमचा आणि ह्यांचाही. आणि तिला एक वचन द्या: जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं वाटलं तरच फोन बघेन, तोही आधी सांगून, तुझ्यासमोर.

ह्यांना कळायलाच हवं, पण तिच्याशी बोलून झाल्यावर, आणि ‘मी बाबांना सांगणार आहे’ हे तिला आधी सांगून. फोन फोडणार नाही, हे त्यांच्याकडून आधी कबूल करून घ्या. फोन फुटला तर पुरावाही त्याच्याबरोबर जाईल, हे कारण त्यांना पटेल.

आणि लॅपटॉपची जोडणी तुम्ही काढू नका. तिच्या फोनवर Linked devices उघडून द्या आणि लॉग आउट तिला करू द्या.