सातव्या मॅचचे पैसे

प्रश्न: फुटबॉल बेटिंगमध्ये हरलं की पुढच्या मॅचला दुप्पट लावायचे, मग तोटा होतच नाही ना?

होतो. एक गोष्ट सांगतो.

कोल्हापुरातल्या एका टॅक्सीवाल्यानं टायरसाठी ठेवलेले 15,000 रुपये यात घातले. युरोपातल्या मॅच, जिंकली तर लावलेल्याच्या दुप्पट पैसे परत देणारी, म्हणजे दुप्पट भाव असलेली टीम, सुरुवात 200 रुपयांनी. हरला की 400, मग 800. जिंकला की मागचा तोटा भरून 200 सुटायचे, आणि परत 200 पासून सुरू. बरेच दिवस हे छान चाललं.

मित्र म्हणाला, "भावा, हे कुठंतरी अडणार बघ."

"सलग कितीदा हरीन मी?"

सहा वेळा हरला. त्यात दोन मॅच बरोबरीत सुटल्या, पण टीमच्या विजयावर पैसे लावलेले असले की बरोबरी म्हणजेही हारच. 200 पासून 6,400 पर्यंत मिळून 12,600 गेले. सातव्या मॅचला 12,800 हवे होते, हातात उरले 2,400. तो उसने मागायला निघाला, तेव्हा कळलं की बुकी एका मॅचवर 10,000 च्या वर घेतच नाही. म्हणजे उसने मिळूनही साखळी तुटणारच होती.

आता हिशेब बघा. भावातच बुकीचा वाटा असतो, म्हणून जिंकण्याची शक्यता 50 नाही, 48 टक्के धरा. 200 पासून जिंकेपर्यंत किंवा सहा हार होईपर्यंत एक फेरी धरली, तर सलग सहा हार साधारण पन्नास फेऱ्यांत एकदा येते. उरलेल्या 49 फेऱ्यांचे 200 प्रमाणे 9,800 मिळतात, आणि त्या एका फेरीत 12,600 जातात.