लॅक ऑपेरॉन: रिप्रेसर, इंड्यूसर आणि निळी वसाहत

प्रश्न: एस.वाय. बी.एस्सी.ला आहे. लॅक ऑपेरॉनमध्ये रिप्रेसर आणि इंड्यूसर टप्प्याटप्प्याने काय करतात? लॅक्टोज नसताना जनुकं बंद असतात, मग लॅक्टोज आत घेणारं प्रथिन येतं कुठून?

उत्तर:

ती जनुकं पूर्ण बंद कधीच नसतात, आणि सगळी यंत्रणा या गळतीवरच चालते.

ई. कोलायमध्ये झेड, वाय आणि ए ही जनुकं एकाच प्रमोटरवरून वाचली जातात. झेडपासून लॅक्टोज तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज मिळतं, वायपासून लॅक्टोज आत आणणारं परमिएज. ए सध्या बाजूला ठेवा. आय जनुकाला स्वतःचा प्रमोटर आहे आणि ते रिप्रेसर थोडा थोडा पण सतत बनवतं. हा रिप्रेसर ऑपरेटरला चिकटला की आरएनए पॉलिमरेजचं काम अडतं.

पण तो अधूनमधून सुटतो आणि तेवढ्यात एखादा एमआरएनए बनून जातो. म्हणून दोन्ही प्रथिनांचे मोजके रेणू पेशीत आधीपासून असतात. लॅक्टोज आलं की ते मोजके परमिएज थोडं आत आणतात आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेज त्यातल्या काहींचं ॲलोलॅक्टोज करतं. पेशीतला खरा इंड्यूसर हाच. उत्तरपत्रिकेत बरेच जण ‘इंड्यूसर ऑपरेटरला चिकटतो’ असं लिहितात, ते चूक आहे. तो रिप्रेसरला चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो आणि त्याची डीएनएवरची पकड सैल होते. मग परमिएज वाढतं, लॅक्टोज आणखी आत येतं, आणि एन्झाइमचं प्रमाण सुमारे 1000 पटींपर्यंत जातं. लॅक्टोज संपलं की ॲलोलॅक्टोजही तुटून जातं आणि रिप्रेसर परत जागेवर बसतो.

पुण्यात आमच्या प्रॅक्टिकलला एक्स-गॅलच्या प्लेटवर साध्या स्ट्रेनच्या वसाहती पांढऱ्या आल्या, की मुलं म्हणतात, ‘सर, एक्स-गॅल खराब झालंय.’ तसं नसतं. एक्स-गॅल तुटलं की निळा रंग येतो, पण ते इंड्यूसर नाही. सोबत आयपीटीजी लागतं. ते रिप्रेसरला चिकटतं आणि स्वतः तुटत नाही. माध्यमात ग्लुकोज मात्र नको, नाहीतर सीएएमपी कमी होतो, कॅप प्रथिनाचा आधार जातो आणि रिप्रेसर सुटूनही निळा रंग फिका येतो.

आता समजा, आयपीटीजी नसतानाही एक वसाहत निळी आली. बिघाड आयमध्ये आहे की ऑपरेटरमध्ये? त्या पेशीत एफ-प्राइम प्लाझमिडवरून चांगलं आय घाला. प्लाझमिडवरचं झेड निकामी हवं, म्हणजे निळा रंग गुणसूत्रावरच्या झेडचाच असेल.

`I⁻ O⁺ Z⁺ / F′ I⁺ O⁺ Z⁻` : पांढरी
`I⁺ Oᶜ Z⁺ / F′ I⁺ O⁺ Z⁻` : निळीच

रिप्रेसर हे पेशीत फिरणारं प्रथिन आहे, म्हणून प्लाझमिडवर बनलेला रिप्रेसर गुणसूत्रावरचा ऑपरेटरही अडवतो. ऑपरेटर हा मात्र डीएनएचा तुकडा, तो फक्त शेजारच्या जनुकांवर चालतो. गुणसूत्रावरचा ऑपरेटर बिघडला असेल, तर प्लाझमिडवरचा चांगला ऑपरेटर तिथे कामाला येत नाही.