पावती छापणारं पहिलं ॲप: कॉटलिन की फ्लटर?

*मॅडम, आम्ही तिघं याच वर्षी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून बाहेर पडलो. गावातल्या दूध संकलन केंद्राचं पहिलं काम मिळालंय. सकाळ-संध्याकाळ दूध घेताना लिटर, फॅट, एसएनएफ फोनवर टाकायचं आणि सभासदाला लगेच छापील पावती द्यायची. केंद्रावर छोटा ब्लूटूथ प्रिंटर आहे. मुदत दोन महिने. मला प्रोजेक्टमुळे कॉटलिन बऱ्यापैकी येतं, मित्राने फ्लटरचा कोर्स केलाय, मैत्रीण वेबचं बघते. अध्यक्षांकडे आयफोन आहे, ते म्हणतात दोन्हीकडे चाललं पाहिजे. मित्र म्हणतो, मग फ्लटरच. काय धरावं? आणि पुढे नोकरीला कशाचा उपयोग होईल?*
— कराडजवळच्या एका गावातून

या ॲपसाठी कॉटलिन धरा. तुमच्या मित्राची बाजू चुकीची नाही. काम वेगळं असतं तर मीही फ्लटरच म्हटलं असतं. इथे निकाल लावतोय तो तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेलेला प्रिंटर.

५८ मिलिमीटर कागदाचे हे स्वस्तातले प्रिंटर बहुतेक जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालतात. फोन त्यांच्याशी एसपीपी नावाच्या प्रोफाइलने, जणू मध्ये एखादी वायर आहे अशा थाटात बोलतो. अँड्रॉइडमध्ये हे सरळ जमतं. आयफोनमध्ये मात्र अशा जुन्या ब्लूटूथच्या उपकरणाशी ॲपला बोलायचं तर त्या उपकरणाला ॲपलचं एमएफआय प्रमाणपत्र लागतं, आणि केंद्रावरच्या स्वस्त प्रिंटरला ते बहुधा नसतं. काही प्रिंटर बीएलई, म्हणजे कमी वीज खाणारं नवं ब्लूटूथसुद्धा देतात, त्यांच्याशी आयफोन बोलतो. तेव्हा आधी प्रिंटर उलटा करून त्यावरचं मॉडेल बघा. तो फक्त एसपीपीवाला निघाला तर फ्लटरमध्ये लिहा नाहीतर रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये, आयफोनवरून पावती निघणार नाही. एकदा लिहून दोन्हीकडे चालवायचं हा फ्लटरचा मोठा फायदा, आणि तुमच्या मुख्य स्क्रीनवर तोच उरत नाही.

आता अध्यक्षांचं. ते पहाटे काट्यापाशी उभे राहून पावत्या फाडणार आहेत का? त्यांना बघायचं असतं आज किती लिटर आलं, सरासरी फॅट किती लागली, दहा दिवसांचं बिल किती होतंय. त्यासाठी आयफोन ॲप बनवायचं म्हणजे एक मॅक हवा आणि ॲपलच्या खात्याचे वर्षाला ९९ डॉलर. त्यापेक्षा तुमच्या मैत्रिणीने एक वेबपेज केलं तर ते आयफोनवर उघडतं, सचिवांच्या कॉम्प्युटरवरही उघडतं. अध्यक्षांना "आयफोनवर नाही होणार" असं सांगू नका. "तुमच्या फोनवर हिशेब दिसेल, पावती केंद्रावरच्या फोनवरून निघेल" असं सांगा, ते ऐकतील.

आता प्रिंटरशी बोलायला कॉटलिनमध्ये किती लिहावं लागतं ते बघ.

```kotlin
val spp = UUID.fromString("00001101-0000-1000-8000-00805F9B34FB")
val socket = printer.createRfcommSocketToServiceRecord(spp)
socket.connect()
socket.outputStream.write(byteArrayOf(0x1B, 0x40))
```

शेवटची ओळ प्रिंटरला सांगते की मागचं विसर, नव्याने सुरू कर. खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे. `connect()` जोडणी होईपर्यंत किंवा फसेपर्यंत तिथेच थांबून राहतं. ते मुख्य थ्रेडवर लिहिलंत आणि प्रिंटर बंद असला, तर स्क्रीन गोठते. सकाळचे साडेसहा वाजलेत, किटल्या घेऊन पंधरा माणसं रांगेत उभी आहेत आणि ऑपरेटर बटण दाबतोय तर काहीच होत नाही. तो पुन्हा दाबतो, मग ॲपच बंद करून पुन्हा उघडतो. त्या गडबडीत एकाच्याच नावावर दोन नोंदी पडल्या, की दहाव्या दिवशी बिलावरून वाद ठरलेला. म्हणून नोंद आधी फोनमधल्या डेटाबेसमध्ये जाऊ दे, मग छपाईला हात घाला. पावती नाही निघाली तर त्याच नोंदीची पुन्हा काढता यावी, नवी नोंद होऊ नये. हा नियम फ्लटरमध्येही असाच लागू होतो. तो पाळायला भाषा आड येत नाही.

दुसरी अडचण मराठीची. अशा प्रिंटरच्या पोटात बहुधा इंग्रजी अक्षरंच असतात. "सभासद क्र. ४२" असं थेट पाठवलंत तर कागदावर भलतीच चिन्हं उमटतात. तेव्हा मजकुराचं आधी चित्र करायचं आणि चित्र छापायचं. या कागदावर एका ओळीत साधारण ३८४ ठिपके मावतात, म्हणून ३८४ पिक्सेल रुंदीचं बिटमॅप घ्या, त्यावर अँड्रॉइडच्या `StaticLayout` ने मजकूर काढा, काळा-पांढरा करा आणि आठ ठिपक्यांचा एक बाइट अशा हिशेबाने ओळीला ४८ बाइट पाठवा. जोडाक्षरं, काना-मात्रा, सगळं अँड्रॉइड नीट बसवतो. चित्र काढणं फ्लटरलाही जमतं, त्यात त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण ते ठिपके प्रिंटरपर्यंत नेणारा ब्लूटूथचा भाग फ्लटरमध्ये स्वतःचा नाही. तिथे कोणीतरी लिहिलेलं प्लगिन घ्यावं लागतं, आणि त्या प्लगिनच्या `android` फोल्डरमध्ये जावा किंवा कॉटलिनच असतं.

याचा चटका मला बसलाय. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी ॲप बनवणाऱ्या एका छोट्या टीममध्ये होते. २०२३ मध्ये अँड्रॉइडची बिल्ड साधनं आठव्या आवृत्तीवर नेली आणि दुसऱ्या मिनिटाला बिल्ड थांबली:

```
Namespace not specified.
```

आमच्या कोडमध्ये चूक नव्हती. छपाईचं प्लगिन लिहिणाऱ्याने ते केव्हाच सोडून दिलं होतं आणि नव्या आवृत्तीला हवी असलेली एक ओळ त्यात नव्हती. टीममध्ये सगळे डार्टवाले, म्हणजे फ्लटरचीच भाषा येणारे. प्लगिनच्या आत डोकावायला कोणी धजेना, कारण आतलं वाचताच येत नव्हतं. दोन दिवस इकडची आवृत्ती तिकडे करण्यात गेले. शेवटी प्लगिनची प्रत आमच्या प्रोजेक्टमध्ये घेतली, त्याच्या `build.gradle` मध्ये `namespace` ची एक ओळ घातली आणि बिल्ड झाली. दोन दिवसांचं काम एका ओळीचं निघालं, पण ती ओळ कुठे घालायची हे कळायला खालचा थर माहीत असावा लागतो.

अशी वेळ पुन्हा पुन्हा येते, कारण प्ले स्टोअर दरवर्षी नव्या अँड्रॉइडसाठी ॲप अद्ययावत करायला लावतं. ब्लूटूथची `BLUETOOTH_CONNECT` परवानगी अशीच अँड्रॉइड १२ सोबत आली. ती न मागणारी प्लगिनं नव्या फोनवर जोडणीच्याच क्षणी कोसळू लागली. थेट कॉटलिनमध्ये लिहिलेलं असेल तर बदल तुमच्याच फाइलमध्ये होतो, नाहीतर दुसऱ्या कोणाला सवड मिळण्याची वाट बघत बसायचं.

तरीही मित्राला पटत नसेल तर वाद घालू नका, खुंटा हलवून बघा. तीन दिवस द्या. तू कॉटलिनमध्ये आणि त्याने फ्लटरमध्ये एवढंच करायचं: फॅट-एसएनएफ टाकून नोंद करायची आणि मराठी पावती काढायची. स्क्रीन देखणी करू नका. मग केंद्रावरचाच फोन आणि तिथलाच प्रिंटर घेऊन तीन गोष्टी करा. छपाई चालू असताना प्रिंटर बंद करा. ब्लूटूथची परवानगी नाकारा. पावती अर्धी निघालेली असताना ॲप मारून टाका आणि पुन्हा उघडून नोंद एकच आहे का ते बघा. मित्राने निवडलेल्या प्लगिनची शेवटची आवृत्ती कधीची आहे तेही बघा, आणि त्याच्या `android` फोल्डरमधली मुख्य फाइल त्याला वाचून सांगायला लावा. त्याने सांगितली तर फ्लटर घ्यायला माझी हरकत नाही. नाही सांगता आली, तर निर्णय तिथेच झाला.

फ्लटर कुठे घेतलं असतं तेही सांगते. उद्या हेच केंद्र म्हणालं की सभासदाला घरबसल्या स्वतःचं दूध, दर आणि बिल फोनवर दिसू दे, तर ते यादी आणि फॉर्मचं काम आहे. सभासदांच्या हातात दोन्ही तऱ्हेचे फोन असणार. प्रिंटर नाही, काटा नाही. तिथे एकाच कोडमध्ये दोन्ही ॲप होतात आणि तिघांच्या टीमला दोन वेगळी ॲप सांभाळावी लागत नाहीत. ते काम आलं की मित्राला पुढे करा.

मधली एक वाटही मोकळी ठेवता येईल. दर काढण्याचा भाग, म्हणजे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला मूळ दर किती, पॉइंट वाढला-घटला की काय होतं, तो वेगळ्या मॉड्यूलमध्ये निव्वळ कॉटलिनमध्ये लिहा. त्यात अँड्रॉइडचं एकही `import` येऊ देऊ नका. कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ पासून स्थिर आहे, त्यामुळे पुढे आयफोन ॲप करायचं ठरलं तर हा हिशेब थोड्याफार बदलाने तिकडे नेता येईल. पण आत्ताच सगळं मल्टिप्लॅटफॉर्म करत बसू नका, दोन महिन्यांत ते झेपणार नाही.

नोकरीचं विचारलंस. फ्लटरच्या जागा आहेत, कॉटलिनच्याही आहेत, आणि कुठल्या जास्त यावर माझ्या ऑफिसात रोज कोणी ना कोणी वाद घालतं. मी मुलाखतींच्या बाजूनेही बसले आहे. तिथे "फ्लटर येतं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. "छपाई मध्येच थांबली तेव्हा नोंद दोनदा का पडली आणि मी ती कशी थांबवली" हे सांगणारा क्वचित येतो, आणि त्याच्याशी मुलाखत लांबते. मित्राचा कोर्स वाया जाणार नाही. कॉटलिनसोबत येणारं जेटपॅक कंपोज फ्लटरसारखंच चालतं, स्थिती बदलली की स्क्रीन नव्याने काढली जाते. वळण ओळखीचं आहे, त्याने स्क्रीन घ्याव्यात. प्रिंटर आणि डेटाबेस तुझ्याकडे ठेव. उलट दिशेने, म्हणजे कॉटलिनकडून फ्लटरकडे, जाणं मला नेहमी सोपं वाटलं आहे, कारण प्लगिन अडलं तर आत उतरता येतं.

आणि दोन महिन्यांचा हिशेब मांडताना एक गोष्ट धरा. प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं, पण नवं वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस चाचणीत ठेवावं लागतं. केंद्राचे कर्मचारी, सचिव, तुमच्या घरचे मिळून बारा जीमेल पत्ते याच आठवड्यात गोळा करा. चाचणीचं ॲप पाचव्या आठवड्यातच वर चढवा, म्हणजे शेवटचे चौदा दिवस प्रिंटरवर घालवता येतील.